हद्द ओलांडणारी सावली

छातीचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ बायकांना वेणी वर बांधायला आणि मंगळसूत्र काढून ठेवायला सांगतात. अनेकींना ती उगाच कटकट वाटते. पण खांद्यावरून पुढे आलेली जाड, ओलसर वेणी एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी पांढुरकी सावली पाडते. प्रौढांमधला क्षयरोगाचा डाग बऱ्याचदा नेमका तिथेच दिसतो. मग वेणी ओळखायची कशी? त्या सावलीचा माग काढत वर जायचं. क्षयाचा डाग फुप्फुसापुरता असतो. वेणीची सावली मात्र फुप्फुसाची हद्द ओलांडून सरळ मानेत जाते, कारण ती शरीराच्या आत नाहीच.

अशा खोट्या सावल्यांना आम्ही रेडिओलॉजिस्ट ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतो. एक्स-रेवरची वेणी पकडणं तुलनेनं सोपं. सीटी स्कॅनमध्ये हाच प्रकार फार फसवा होतो, कारण सीटीचं चित्र हा सरळ काढलेला फोटो नसतो. एक्स-रेची नळी माणसाभोवती फिरते, शेकडो कोनांतून मोजमापं घेते आणि त्यांवरून संगणक आतलं चित्र गणितानं रचतो. या गणितात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: मोजमाप चालू असताना आतलं काही हललं नाही, आणि प्रत्येक कोनातून पुरेसे किरण पलीकडे पोचले. पहिलं गृहीतक हृदय मोडतं, दुसरं धातू.

आधी हृदयाचं पाहू. रात्री दोन वाजता छातीत प्रचंड दुखतंय म्हणून पन्नाशीतला एक माणूस येतो. रक्तदाब वाढलेला असतो आणि डॉक्टरांना शंका असते ती महाधमनी चिरली असल्याची. या आजारात महाधमनीच्या भिंतीचा आतला थर फाटतो आणि त्या फटीतून रक्त भिंतीत घुसतं. हृदयातून निघणारा पहिला भाग चिरला असेल, तर तातडीनं छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी काढला जातो आणि पांढऱ्याशुभ्र महाधमनीत एक बारीक, वक्र, काळसर रेघ दिसते. फाटलेला पापुद्रा अगदी असाच दिसतो.

या रेघेला दुसरंही कारण असू शकतं. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एक ठोका ०.८ सेकंदाचा होतो. सीटीची नळी एक फेरी साधारण पाव ते अर्ध्या सेकंदात पुरी करते, आणि एका स्लाइससाठी निदान अर्ध्या फेरीहून थोडी जास्त मोजमापं लागतात. तेवढ्या वेळात हृदय आकुंचन पावलं, तर महाधमनीचा बुंधा काही मिलिमीटर सरकतो. काही कोनांतून भिंत एका जागी नोंदली जाते, उरलेल्यांतून दुसऱ्या. संगणक दोन्ही खरं मानतो आणि एका भिंतीच्या दोन कडा काढतो. त्यांच्यामधली फट पापुद्र्यासारखी भासते.

म्हणून ती रेघ दिसल्यावर आम्ही माउसचं चाक फिरवत एकेक स्लाइस खाली-वर पाहतो. खरा पापुद्रा बहुधा स्लाइसमागून स्लाइस, अनेकदा पीळ घेत, सलग चालत राहतो आणि त्याच्या दोन बाजूंना कॉन्ट्रास्ट कमी-जास्त भरलेला असू शकतो. खोटी रेघ बुंध्याजवळ, बहुतेकदा डावीकडे पुढच्या आणि उजवीकडे मागच्या कडेला दिसते आणि थोडं वर गेलं की विरून जाते. मग नजर शेजारी न्यायची. त्याच पातळीवर फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कडही दुहेरी दिसते का? हृदयाची बाह्यरेषा फिसकटली आहे का? शेवटी तेच चित्र उभ्या छेदात लावायचं. ठोक्यांमुळे हललेली भिंत तिथे करवतीच्या दातांसारखी दिसते. रेघ महाधमनीची हद्द सोडून शेजाऱ्यांतही उमटली असेल, तर ती हालचालीची असण्याचीच शक्यता जास्त.

तरीही शंका उरली, तर अंदाजावर रिपोर्ट देता येत नाही. ईसीजीच्या तारा लावून पुन्हा स्कॅन करतात. त्यात हृदय सर्वांत शांत असतं तेवढ्याच क्षणांची मोजमापं वापरली जातात. मंद ठोक्यांच्या रुग्णात तो क्षण दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीच्या मध्यावर येतो. रेघ हालचालीची असेल तर या चित्रात ती पुसली जाते, आणि फाटलेला पापुद्रा असेल तर उलट जास्त ठसठशीत दिसतो.

धातूची तऱ्हा वेगळी. दोन्ही खुब्यांचे सांधे बदललेल्या एका आजींचं उदाहरण घेऊ. लघवीतून रक्त जातंय म्हणून त्यांच्या पोटाचा सीटी केला आहे. आडव्या दिशेनं जाणाऱ्या किरणांना दोन्ही धातूचे गोळे भेदावे लागतात. दुबळे किरण वाटेतच शोषले जातात आणि पलीकडे जेमतेम काही पोचतात. या अपुऱ्या मोजमापांमुळे दोन खुब्यांच्या मधोमध एक काळा पट्टा उमटतो, आणि मूत्राशय नेमकं त्या पट्ट्यात येतं. शिवाय धातूपासून चकचकीत पांढऱ्या रेघाही फुटतात.

सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य असतं आणि चरबी साधारण उणे शंभर. लघवी शून्याच्या आसपास असायला हवी. काळ्या पट्ट्यात मोजलं तर तीच लघवी उणे साठ दाखवू शकते आणि पांढऱ्या रेघेत अधिक साठ. अधिक साठ म्हणजे रक्ताची गुठळी किंवा गाठ असावी, असं वाटण्याजोगा आकडा. अशा वेळी पाहायचं की ही रेघ मूत्राशयातच थांबते, की स्नायू, चरबी सगळं ओलांडून पट्टीनं आखल्यासारखी धातूपर्यंत जाते. गाठही शेजारच्या अवयवात शिरू शकते, पण ती अशी सरळ रेघेत सगळं कापत जात नाही. धातूच्या वरच्या स्लाइसवर गेलं की या रेघाही नाहीशा होतात.

रेघा कमी करणारी सॉफ्टवेअर आता बऱ्याच यंत्रांवर असतात. ती बिघडलेली मोजमापं काढून टाकतात आणि त्या जागी अंदाजानं नवी भरतात. त्यानं मूत्राशय पुष्कळ स्वच्छ दिसतं. पण हाच अंदाज कधी धातूच्या लगत नवीच काळी कड तयार करतो, आणि ती पाहून हाडातला सांधा सैल झाला असं वाटू शकतं. म्हणून दुरुस्त केलेलं चित्र एकटं वाचायचं नाही, मूळ चित्र त्याच्या शेजारी ठेवायचं. सैल सांध्याची खरी काळी कड मूळ चित्रात किंवा साध्या एक्स-रेवरही सापडायला हवी.

आजींच्या बाबतीत मात्र आणखी एक धोका आहे. त्या रेघा खोट्या ठरल्या म्हणून मूत्राशय निरोगी ठरत नाही, कारण त्यांच्याखाली खरी गाठ झाकलेली असू शकते. अशा वेळी रिपोर्टमध्ये ‘मूत्राशय नॉर्मल’ असं लिहिणं चूक आहे. ‘खुब्यातील धातूमुळे मूत्राशयाचा हा भाग तपासता आला नाही, सोनोग्राफी करावी’ असं लिहायला हवं. सोनोग्राफीत पोटावरून सोडलेला आवाज मूत्राशयापर्यंत जातो, त्याच्या वाटेत खुबे येत नाहीत. तिथेही काही दिसलं नाही, तरी दुर्बीण घालून आत पाहावं लागतं. आपल्या रिपोर्टमध्ये असं वाक्य दिसलं, तर ते मागे पडू देऊ नका. सांगितलेली पुढची तपासणी झाल्याशिवाय त्या जागेबद्दलचा प्रश्न मिटत नाही.