आजी नव्हती

“एसटी थांब्यावर आली होती. दार उघडले होते. माणसे उतरत होती. आजी दिसत नव्हती.”

चूक एकही नाही, तरी कान पेंगतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. त्यामुळे वाक्यं सारख्या लांबीची झाली की प्रत्येक जण त्याच ‘होती’वर येऊन आपटतो.

आता हेच असं वाचा: “एसटी धुरळा उडवत थांब्याला लागली, दार उघडलं, आणि पिशव्या, पोरं, कोंबड्यांची डालगी सांभाळत एकेक जण उतरू लागला, तसा बंडू टाचा उंचावून प्रत्येक चेहरा न्याहाळत राहिला. आजी नव्हती.”

लांब वाक्यात आपणही बंडूबरोबर ताटकळतो. पुढच्या दोन शब्दांत त्याचा धीर सुटतो. ‘नव्हती’ तेच, पण आता एकटं पडल्यामुळे लागतं.

वाक्य लांबवायला ‘उठून, आवरून, निघून’ अशी माळ ओवायचा मोह होतो (मलाही होतो). तिसऱ्या ‘ऊन’नंतर तोही ठेकाच वाटू लागतो. आणि असं तुटकं वाक्य दर परिच्छेदाच्या शेवटी ठेवलं, तर वाचक ते आधीच ओळखतो. मजकूर मोठ्यानं वाचा. आवाज सलग तीनदा एकाच जागी खाली आला, तर मधलं वाक्य शेजारच्यात मिसळून बघा.