वायफायची तक्रार आणि कंपनीला लिहायचे पत्र

कॅफेतले ग्राहक ‘वायफाय स्लो आहे’ म्हणतात, तेव्हा दोन निराळ्या गोष्टींना ते एकच नाव देत असतात. कंपनीच्या फायबरमधून राउटरपर्यंत येणारे इंटरनेट ही एक, आणि राउटरपासून टेबलापर्यंत हवेतून जाणारे वायफाय ही दुसरी. कंपनीकडे बिझनेस प्लॅन मागणाऱ्या पत्राने पहिलीच गोष्ट सुधारू शकते. दोष दुसरीकडे असेल, तर महागडा प्लॅन घेऊनही कोपऱ्यातल्या टेबलावरची तक्रार तशीच राहते.

म्हणून पत्राआधी मोजणी करायची. समजा, पुण्यातल्या एका ३० खुर्च्यांच्या कॅफेत १०० एमबीपीएसचा घरगुती प्लॅन आहे. सकाळी कॅफे उघडण्यापूर्वी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट घेतली, तर ९४ आले. हा आकडा योग्यच आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात साधारण इतकेच मिळते. मग केबल काढून वायफायवर मोजले: राउटरजवळ ८८, कोपऱ्यातल्या टेबलावर ९. कॅफे रिकामा असतानाही कोपऱ्यात ९ म्हणजे दोष मधल्या भिंतींचा आणि अंतराचा. अशा जागी फोन बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जातो. तो लांब पोहोचतो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल्स तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या दुकानांचे राउटरही तीच वापरतात. यावर उपाय म्हणजे कोपऱ्यापर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे.

कंपनीकडे नेण्याजोगी मोजणी संध्याकाळची. सातच्या सुमारास ग्राहकांना सांगून दोन मिनिटे वायफाय बंद ठेवायचे आणि केबलवर मोजायचे. वायफाय चालू ठेवले, तर ग्राहक वापरून उरलेला वेगच तेवढा दिसतो आणि लाइनचा दोष सिद्ध होत नाही. या कॅफेत चार संध्याकाळी ३५ ते ४२ आले. सकाळी ९४ देणारी लाइन संध्याकाळी निम्म्यावर येते, याचे सर्वांत संभाव्य कारण वाटणी. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे २.५ जीबीपीएस सहसा ३२ किंवा ६४ जोडण्यांमध्ये वाटले जातात, आणि त्यापुढची कंपनीची लाइनही सामायिक असते. संध्याकाळी घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की प्रत्येकाचा वाटा घटतो.

आता गरज ठरवायची. एकाच वेळी आठ जण व्हिडिओ मीटिंगमध्ये असतील आणि प्रत्येकी ३ एमबीपीएस धरले, तर येताना २४ आणि जाताना २४ लागतात. जाणाऱ्या वेगाकडे, म्हणजे अपलोडकडे, सहसा दुर्लक्ष होते. तो कमी असेल आणि एखाद्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला, तर डाउनलोड भरपूर असूनही मीटिंगमधला आवाज तुटतो.

एवढे हाताशी आले की पत्र एका पानात मावते:

प्रति,
व्यवसाय ग्राहक विभाग

विषय: घरगुती जोडणी बिझनेस प्लॅनमध्ये बदलून मिळण्याबाबत

महोदय,
आमच्या कॅफेत आपली १०० एमबीपीएसची घरगुती जोडणी आहे. वायफाय बंद ठेवून केबलवर घेतलेल्या मोजणीत सकाळी ९४, तर सलग चार संध्याकाळी सातच्या सुमारास ३५ ते ४२ एमबीपीएस वेग मिळाला. तारीख-वेळेसह नोंदी सोबत जोडल्या आहेत. एका वेळी सुमारे ४० उपकरणे जोडलेली असतात. कृपया पुढील मुद्दे लेखी कळवावेत:
१. संध्याकाळी किमान किती डाउनलोड व अपलोड वेग मिळेल?
२. डेटाची मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती राहील?
३. लाइन बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती होईल, आणि न झाल्यास बिलात किती सूट मिळेल?
४. ग्राहकांना ओटीपीने लॉगिन देण्याची व नोंदी ठेवण्याची सोय आपल्याकडे आहे का?
कळावे,

चौथा मुद्दा शोभेचा नाही. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटावी, अशी दूरसंचार विभागाची अपेक्षा आहे, आणि घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापराला बहुधा मनाई असते.

उत्तर आल्यावर ‘पर्यंत’ हा शब्द शोधावा. ‘२०० एमबीपीएसपर्यंत’ म्हणजे कमाल मर्यादा. किमान वेगाची हमी त्यात नाही. पूर्ण वेग राखून ठेवणारी लीज्ड लाइन हमी देते, पण ती कितीतरी महाग असते आणि ३० खुर्च्यांच्या कॅफेला सहसा लागत नाही. संध्याकाळचा किमान वेग आणि दुरुस्तीची मुदत लेखी देणारा सामायिक बिझनेस प्लॅन पुरतो.

जोडणी बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी सातला, वायफाय बंद ठेवून पुन्हा मोजावे. आकडा लेखी हमीपेक्षा कमी आला, तर पुढच्या पत्राचा पुरावा तोच.