सरेंडर व्हायचं, की अटकेची वाट पाहायची?

समजा, साताऱ्यातल्या एका व्यापाऱ्यावर ४० लाखांच्या फसवणुकीची फिर्याद दाखल आहे. कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. अटकपूर्व जामीन सेशन्स कोर्टाने नाकारला, पुढे हायकोर्टानेही. आता घरचे वकिलाला विचारतात, "साहेब, हजर करायचं का?"

आधी नोटीस आली आहे का ते पाहा

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलं. त्याऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली असेल आणि माणूस तपासाला वेळेवर जात असेल, तर अटकेची कारणं लेखी नोंदवल्याशिवाय पोलिसांना हात घालता येत नाही. अशा वेळी घाबरून कोर्टात सरेंडर होणं म्हणजे नसलेली कोठडी ओढवून घेणं.

आपल्या व्यापाऱ्याला नोटीस आलेली नाही, पोलीस त्याला शोधत आहेत, असं धरून पुढे जाऊ.

कोठडीशिवाय नियमित जामीन नाही

नियमित जामिनाचा अर्ज ऐकायचा तर आरोपी कोठडीत असावा लागतो. ही कोठडी पोलिसांनी पकडल्यानेच होते असं नाही. कोर्टासमोर हजर होऊन स्वतःला त्याच्या हुकमाच्या अधीन केलं तरी ती कोठडीच, हे १९८० च्या निरंजन सिंग निकालापासून पक्कं आहे. महाराष्ट्रातल्याच बाफना प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्टही सरेंडर स्वीकारून थेट जामीन ऐकू शकतं. तरी तालुका-जिल्ह्यात नेहमीची वाट मॅजिस्ट्रेटपासूनच सुरू होते.

पोलीस ठाण्यात जाऊन हजर होणं मात्र वेगळं. शब्दाने वा कृतीने स्वतःला पोलिसांच्या ताब्यात दिलं की ती कायद्याने अटकच, आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचं घड्याळ तिथून चालू होतं.

शुक्रवार रात्र आणि सोमवार सकाळ

वाट पाहणाऱ्याला पोलीस बहुधा गैरसोयीच्या वेळी गाठतात. व्यापारी शुक्रवारी रात्री सापडला, तर शनिवारी सुट्टीच्या कोर्टात रिमांड होतो. वकिलाच्या हाती फिर्यादीची प्रतही नसते, जामीनदार गावी असतो आणि युक्तिवाद घाईत उरकतो.

सरेंडर करणाऱ्याच्या हाती दिवस असतो. सोमवारी सकाळी हद्दीच्या मॅजिस्ट्रेटपुढे सरेंडरचा अर्ज, एफआयआरची प्रत, बँकेचे उतारे, व्यवहाराचे करार, आजारपणाचे कागद आणि जामिनाचा अर्ज, सगळं एकदम जातं. जामीनदार सातबारा घेऊन बाकावर बसलेला असतो. कोर्ट पोलिसांचा 'से' मागवतं आणि तपासी अंमलदार रिमांडचा कागद घेऊन येतो.

पीसीआर चुकत नाही

सरेंडर केलं म्हणजे पोलीस कोठडी टळली, हा सर्वांत मोठा गैरसमज. पैसे कुठे गेले, साथीदार कोण, हे सांगून पोलीस पीसीआर मागतात आणि पटण्यासारखं कारण असेल तर मिळवतातही. ती चालू असताना जामिनावर सहसा निर्णय होत नाही. एमसीआर झाली की अर्ज खऱ्या अर्थाने ऐकला जातो. नव्या संहितेत एक फरक पडला आहे. पोलीस कोठडीची एकूण मुदत १५ दिवसांचीच, पण ६० दिवसांच्या गुन्ह्यात ती पहिल्या ४० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे आठवड्यात एमसीआर झाली तरी उरलेले दिवस डोक्यावर राहतात, आणि तेवढंच कारण पुढे करून सरकारी वकील जामिनाला विरोध करतात.

जामिनाच्या तराजूत काय पडतं

सरेंडरमुळे गुन्ह्याचं गांभीर्य कमी होत नाही. "आरोपी पळून जाईल" या पोलिसांच्या मुद्द्याची धार मात्र जाते. दुसरा फायदा डिफॉल्ट बेलचा. या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि हे दिवस पहिल्या रिमांडपासून मोजतात. फरार माणसाचा एकही दिवस त्यात धरला जात नाही.

उलट लपून राहिल्यास अजामीनपात्र वॉरंट निघतं, मग हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत देणारी उद्घोषणा, पुढे मालमत्तेची जप्ती. उद्घोषणेनंतरही न येणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वाट पाहण्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. अटक करताना पोलिसांनी कारणं लेखी दिली नाहीत, तर अटकच बेकायदा ठरू शकते आणि त्यावर सुटका मागता येते. स्वतःहून हजर झालेल्याकडे हा मुद्दा राहत नाही. पण पोलीस चूक करतील या भरवशावर बसणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. नोटीस आलेली नसेल आणि हायकोर्टाने अटकपूर्व जामीन फेटाळला असेल, तर कागद आणि जामीनदार तयार ठेवून आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळच्या सत्रात हजर व्हावं.