एका विटेचे तीन हक्क

लेगोच्या प्लास्टिकच्या विटेवर गोल खुंट्या असतात आणि आत पोकळ नळ्या. खुंटी नळी आणि विटेच्या भिंतीच्या मध्ये घट्ट बसते, तरी पोराच्या हातानेही सुटते. या जोडणीच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज झाला. पेटंट मिळते ते अशा नव्या, उपयोगी युक्तीला. मात्र ती सगळ्यांना उघड करून सांगावी लागते आणि मुदत संपली की कोणीही वापरू शकतो. भारतात ही मुदत अर्जापासून 20 वर्षे आहे.

लेगोचीही पेटंटे संपली. मग कंपनी कॉपीराइटकडे वळली. जुनीच रेखाचित्रे किरकोळ बदलून पुन्हा काढली होती, त्यांवर तिने नवा हक्क सांगितला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1988 मध्ये तो नाकारला: नक्कल कितीही कष्टाने केली तरी ती नवी निर्मिती ठरत नाही. खोक्यावरचे चित्र किंवा माहितीपुस्तिका यांना कॉपीराइट आपोआप मिळतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. पण तो मांडणीला असतो, कल्पनेला नाही.

उरला ट्रेडमार्क. दर 10 वर्षांनी नूतनीकरण केले की तो कधीच संपत नाही, म्हणून मोह मोठा. विटेचा आकारच आमची ओळख, असे कंपनी म्हणाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये ते अमान्य केले. आकार जोडणीचे काम करतो, मालाचा धनी सांगत नाही. तो कायमचा दिला तर पेटंटची मुदत निरर्थकच. ‘लेगो’ हे नाव मात्र आजही कंपनीचेच आहे.