बॅटरीची तब्येत सांगणारा आकडा येतो कुठून?

मार्च २०१८मध्ये न्यूझीलंडमधल्या ‘फ्लिप द फ्लीट’ या इलेक्ट्रिक गाडीमालकांच्या गटाने एक निबंध प्रसिद्ध केला आणि निसान लीफ वापरणाऱ्यांची झोप उडाली. २८३ लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. जुन्या, २४ किलोवॅट-अवरच्या लीफची बॅटरी दोन वर्षांची असताना वर्षाला सुमारे ३.१ टक्के क्षमता गमावत होती. नव्या, ३० किलोवॅट-अवरच्या लीफमध्ये हाच वेग ९.९ टक्के दिसत होता. मोठी बॅटरी म्हणून जास्त पैसे मोजलेल्यांची बॅटरी तिप्पट वेगाने मरत होती, निदान आकड्यांवरून तरी. निबंधकर्त्यांनी मात्र सावधपणे ‘नोंदवलेली घट’ असेच म्हटले होते. हा सावधपणा किती रास्त होता ते काही महिन्यांतच कळले. ३० किलोवॅट-अवरच्या लीफमधला बॅटरी-नियंत्रक क्षमता चुकीची सांगतो, असे निसानने जाहीर केले आणि सॉफ्टवेअर बदलून दिले. एकही सेल न बदलता गाड्यांच्या बॅटऱ्यांची ‘तब्येत’ सुधारली.

हे आकडे मालकांना मिळत होते ‘लीफ स्पाय’ या अ‍ॅपमधून. पद्धत सोपी आहे आणि आपल्याकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही, गाडीला चालेल असे अ‍ॅप मिळाले तर, तीच लागू पडते. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला ओबीडी नावाचे सॉकेट असते; गॅरेजवाले स्कॅनर लावतात तेच. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल बसवायचा, फोनशी जोडायचा, गाडी चालू करायची आणि अ‍ॅप उघडायचे. लीफ स्पायमध्ये AHr आणि SOH हे दोन आकडे शेजारी दिसतात. पहिला म्हणजे बॅटरीत किती अँपिअर-अवर विद्युतभार मावतो, याचा गाडीने केलेला हिशेब. दुसरा म्हणजे नव्या बॅटरीच्या मानाने ती क्षमता किती टक्के उरली आहे.

पण अ‍ॅप स्वतः काहीच मोजत नाही. गाडीतला बॅटरी-नियंत्रक, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, जे सांगतो तेच ते पडद्यावर आणते. आणि बीएमएसलाही क्षमता थेट मोजता येत नाही. त्याला तीनच गोष्टी दिसतात: व्होल्टेज, करंट आणि तापमान. त्यांवरून तो क्षमता ताडतो.

समजा बॅटरीत खरोखर ८० अँपिअर-अवर मावतात. गाडी ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत चालवली आणि त्या वेळात ४८ अँपिअर-अवर बाहेर पडले. ६० टक्क्यांना ४८, म्हणजे १०० टक्क्यांना ८०. हिशेब जुळला. आता शेवटी उरलेला चार्ज ३० टक्के असताना बीएमएसने व्होल्टेजवरून तो २४ धरला, तर ६६ टक्क्यांना ४८ होतील आणि क्षमता ७२.७ निघेल. तब्येत ९१ टक्के. बॅटरीला काहीही झालेले नसताना नऊ टक्के गायब!

तीच सहा अंकांची चूक छोट्या फेरीत झाली तर काय होते ते पाहा. गाडी ७० वरून ५० पर्यंतच आली, १६ अँपिअर-अवर खर्च झाले. पण बीएमएसने ५० ऐवजी ४४ वाचले. २६ टक्क्यांना १६, म्हणजे क्षमता ६१.५ आणि तब्येत ७७ टक्के. प्रत्यक्षात बीएमएस एका वाचनावर असा उडी मारत नाही, पुष्कळ वाचनांचा मेळ घालून आकडा हळूहळू सरकवतो. तरी रोज ऑफिसला जाऊन येऊन रात्री थोडेसे चार्ज करणाऱ्याच्या गाडीला स्वतःची पारख करायची चांगली संधीच मिळत नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला फार किंमत देऊ नये. लीफमध्ये तर सलग फास्ट चार्जिंग केल्यावर SOH थोडा वर चढतो, हे मालकांना चांगलेच ठाऊक आहे. बॅटरी तरुण होत नाही, अंदाज बदलतो.

आणखी एक गोंधळ जाहिरातीतल्या आकड्यामुळे होतो. २४ किलोवॅट-अवरची लीफ नवी असतानाही साधारण २१-२२च वापरू देत असे. बाकीची क्षमता सेल सांभाळण्यासाठी राखून ठेवलेली असते. म्हणून अ‍ॅपमध्ये २० दिसले की त्याला २४ने भागून ८३ टक्के काढणे चूक. भागायचे ते नव्या गाडीच्या वापरण्याजोग्या क्षमतेने. आणि डॅशबोर्डवर दिसणारी उरलेली किलोमीटर संख्या तर या कामासाठी वापरूच नये, कारण ती तुम्ही अलीकडे गाडी कशी चालवली यावर ठरते.

मग आकडा खरा की खोटा, हे घरी कसे पडताळायचे? ३० किलोवॅट-अवरच्या लीफचेच उदाहरण घेऊ. तिची वापरण्याजोगी क्षमता नवी असताना साधारण २७.५ युनिट धरू. चार्जरच्या वाटेवर वेगळा मीटर असेल, तर २० टक्क्यांपासून पूर्ण चार्ज करून किती युनिट गेली ते पाहायचे. समजा २४ गेली. त्यातली दहा ते पंधरा टक्के चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, म्हणजे बॅटरीत २०.४ ते २१.६ पोचली. ही ८० टक्के. पूर्ण क्षमता २५.५ ते २७. तब्येत ९३ ते ९८ टक्क्यांच्या दरम्यान. अ‍ॅप ८४ म्हणत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. अ‍ॅप ९५ म्हणत असेल तर ते ९४ आहे की ९७, हे या पद्धतीने कधीच ठरणार नाही.

या चाचणीतही एक फट आहे. ‘२० टक्के’ हा आकडाही त्याच बीएमएसने दिलेला असतो. तो क्षमता कमी धरत असेल, तर टक्केही चुकीचे असू शकतात आणि मग मीटरचा हिशेब त्याच्याच बाजूने साक्ष देतो. अशा वेळी सेलचे व्होल्टेज कामी येते. लीफमध्ये सेलच्या ९६ जोड्या ओळीने जोडलेल्या असतात आणि लीफ स्पाय प्रत्येक जोडीचा स्तंभ दाखवतो. चार्जिंगची सोय जवळ असताना गाडी बरीच रिकामी करायची, थोडा वेळ उभी ठेवायची आणि स्तंभ पाहायचे. डॅशबोर्ड ‘संपत आले’ म्हणतो आहे, पण सगळ्या जोड्या अजून ३.६ व्होल्टच्या वर सारख्या उभ्या आहेत, तर बॅटरीत माल शिल्लक आहे आणि चूक मोजणाऱ्याची आहे. उलट एखादीच जोडी इतरांपेक्षा खूप खाली घसरली असेल, तर दुखणे खरे आहे. सगळे सेल एकामागे एक असल्यामुळे सर्वांत दुबळी जोडी संपली की गाडी थांबते. जुनी गाडी घेताना मी तरी SOH पेक्षा हा आलेख आधी पाहीन, तोही चार्ज कमी असताना. पूर्ण चार्ज केलेल्या गाडीत दुबळा सेल सहज लपतो.

एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेट सेल असलेल्या गाड्यांत अंदाज आणखी कठीण होतो. मधल्या मोठ्या टप्प्यात या सेलचे व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे चार्ज ४० टक्के आहे की ६०, हे त्यावरून कळणे अवघड. फक्त दोन्ही टोकांना ते ठळकपणे बदलते. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करायला सांगते, त्यामागे हेच कारण आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत अशी सूचना असेल तर आधी ती पाळा आणि मगच अ‍ॅपमधला आकडा टिपून ठेवा. शक्यतो साधारण सारख्याच तापमानाला, वर्षातून दोन-तीनदा.

नोंद ठेवण्याला व्यवहारातलेही कारण आहे. बॅटरीची वॉरंटी अनेकदा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. पण क्षमता किती खाली गेली तर कंपनी जबाबदार, हे कलम वेगळे वाचावे लागते. आणि दाव्याच्या दिवशी सर्व्हिस सेंटरही बहुधा तोच बीएमएस उघडून पाहते. ३० किलोवॅट-अवरच्या लीफवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्या असत आणि वॉरंटी त्या पट्ट्यांवरच ठरे. म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्यावर ज्यांच्या पट्ट्या परत आल्या, त्यांच्या हातून नवी बॅटरी मिळण्याची शक्यताही त्याच दिवशी गेली. काहींनी कंपनीने आकडा रंगवून दिल्याचा संशय घेतला. तो दूर करायचा मार्ग त्यांच्याच हाती होता: अपडेटच्या आधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, पूर्ण चार्जपासून गाडी शेवटापर्यंत चालवून पाहणे.