चेहऱ्यावरचा इसब आणि ओला पंचा

खुर्चीत बसल्या बसल्या तिने पर्समधून पाच ट्यूब काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. वय एकोणतीस, पुण्यात बँकेत नोकरी. (ओळख लपावी म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.) लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यात इसब होता, शाळेतच गेला. आता तो परत आला होता तो थेट पापण्यांवर, गालांवर आणि तोंडाभोवती. दोन ट्यूब साध्या मॉइश्चरायझरच्या होत्या. उरलेल्या तिन्हींत जोरदार स्टिरॉइड होतं: एक मैत्रिणीने दिलेली ‘गोरं होण्याची’, एक गजकर्णावरची, एक मेडिकलवाल्याने “ही लावा, दोन दिवसांत जाईल” म्हणून दिलेली. जात होतंही दोन दिवसांत. चौथ्या दिवशी दुप्पट जोराने परत येत होतं. “आता स्टिरॉइड नको म्हणजे नकोच,” असं ती म्हणाली. आठ महिने वाट्टेल तसं लावून झाल्यावर आलेली ही भीती समजण्यासारखी होती, पण तिचा चेहरा त्या दिवशी नुसत्या मॉइश्चरायझरने आटोक्यात येणारा नव्हता.

मुळात बिघडलेलं काय असतं? त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ॲटोपिक इसब असलेल्या बऱ्याच जणांत फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मतःच कमी बनतं आणि भिंत भुसभुशीत राहते. आतलं पाणी उडून जातं, बाहेरची धूळ, साबण, सुगंधी द्रव्यं आत शिरतात, मग आतली प्रतिकारयंत्रणा खवळते. खाजवलं की भिंतीला आणखी भोकं. म्हणजे कामं दोन आहेत: भिंत लिंपणं आणि आतली आग विझवणं. त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

लिंपण्याच्या कामाला इंग्रजी नाव ‘सोक अँड सील’. भिजवा आणि झाका. नव्या स्लॅबवर ओलं गोणपाट टाकतात, कारण पाणी भराभर उडालं तर काँक्रीट तडकतं. त्वचेचंही तसंच आहे. नुसतं पाणी मारून सोडून दिलं तर वाळताना ती आधीपेक्षा कोरडी होते. “दिवसातून सहा वेळा तोंड धुते, तरी तडतडतं” ही तक्रार म्हणूनच येते. तरी नव्हे, त्यामुळेच.

शरीर बादलीच्या अंघोळीने किंवा टबात भिजवता येतं, चेहरा पाण्यात बुडवून ठेवता येत नाही. तिला मी घरातला जुना, मऊ झालेला सुती पंचा वापरायला सांगितलं. पाणी कोमट, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम लागेल ना गार. पंचा भिजवून हलका पिळायचा आणि नाक-तोंड मोकळं ठेवून दहा मिनिटं चेहऱ्यावर टाकायचा, गार झाला की पुन्हा भिजवायचा. साबण, फेसवॉश, डाळीचं पीठ, उटणं यातलं काही नाही. मग टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. त्वचा दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा. पातळ लोशनमध्ये पाणीच जास्त, त्याने झाकलं जात नाही. तिच्या दोन ट्यूबपैकी एक सुगंधी निघाली, ती बाजूला ठेवली.

तीन मिनिटांवरून रुग्ण माझी थट्टा करतात. घड्याळ लावून बसायला नको, पण भिजवून फोन घ्यायला गेलात तर सगळं वाया जातं. डबी आधी उघडून ठेवावी, पंचा नंतर भिजवावा.

भिंत लिंपली तरी आत पेटलेलं असेल तर? चट्टा सुजलेला, गरम, खरखरीत, रात्री खाजेने झोपमोड. आपल्या वर्णावर तो पुस्तकातल्या फोटोसारखा लाल दिसत नाही. तो काळसर, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, त्यामुळे रंगापेक्षा बोटाला काय लागतं ते बघावं. तीन-चार दिवस नीट भिजवून-झाकूनही हे उतरलं नाही, तर डॉक्टरने लिहून दिलेलं स्टिरॉइड लागतं. मग टाळाटाळ केली की खाजवणं चालूच राहतं, त्वचा जाड होते आणि डाग महिनोन्‌महिने टिकतात.

फक्त चेहऱ्यासाठी ते सौम्य हवं, 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं. कारण 1967 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मोजलं गेलं आहे. हायड्रोकॉर्टिसोन मनगटाकडच्या हातावरून जितकं शोषलं जातं, त्याच्या सहापट कपाळावरून आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यावरून शोषलं जातं. पायाच्या जाड चट्ट्याला जे चालतं, तेच गालावर महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं. तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या, पण ओठाला लागून एक स्वच्छ कड सुटलेली, असं दिसलं की मी आधी ‘कुठली ट्यूब?’ हेच विचारतो. तिच्या हनुवटीवर ते होतं. म्हणून तिच्या तिन्ही ट्यूब बंद केल्या आणि त्या थांबवल्यावर पंधरा दिवस चेहरा तडतडेल, हेही आधीच सांगितलं.

तो तडतडाट ओसरल्यावर गालांवर जो खरा इसब उरला, त्यासाठी सौम्य स्टिरॉइड दिलं. माप बोटावरचं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. अख्ख्या चेहऱ्याला आणि मानेला अशा अडीच रेघा लागतात. तिच्या चट्ट्यांना अर्धी पुरणार होती. पंचा काढला की आधी चट्ट्यांवर औषध, उरलेल्या चेहऱ्यावर मॉइश्चरायझर. दिवसातून दोनदा, सात दिवस, मग बंद. पापण्यांसाठी स्टिरॉइडऐवजी टॅक्रोलिमस दिलं, कारण पापणीची त्वचा फार पातळ असते आणि तिथे दीर्घकाळ स्टिरॉइड लावल्यास डोळ्याचा दाब वाढू शकतो. हे मलम मात्र कोरड्या त्वचेवर लावायचं. पहिले काही दिवस चुरचुरतं, घाबरून सोडायचं नाही.

काही चेहऱ्यांना स्टिरॉइड आधी नकोच असतं. मधासारखी पिवळी खपली आणि लस गळत असेल तर जंतुसंसर्ग आहे. सुईने टोचल्यासारखे, एकाच मापाचे, दुखणारे फोड किंवा खळगे आणि सोबत ताप असेल तर तो हर्पिस असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे, डोळ्याजवळ असेल तर थेट इस्पितळात. फक्त पापण्याच सुजत असतील तर केसांचा रंग आणि नेलपॉलिश यांची चौकशी आधी होते, कारण नखाचा रंग हाताला काही न करता पापणीला त्रास देऊ शकतो.

पुण्यात थंडी पडल्यावर नोव्हेंबरात तिचे गाल पुन्हा पेटले. तिने विचारून पुन्हा सात दिवस लावलं. जानेवारीत ती आली तेव्हा पर्समधून एकच ट्यूब निघाली, 15 ग्रॅमची, आणि दोन वेळा सात-सात दिवस लावल्यावरही ती जेमतेम अर्धी संपलेली होती.