हुकुस बुकुस कुणाचं?

पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन काश्मिरी घरं समोरासमोर आहेत. नावं मुद्दामच देत नाही. एक घर पंडितांचं. १९९० साली श्रीनगरमधल्या हब्बाकदलचं घर सोडून ते आधी जम्मूला गेले आणि पुढे मुलाच्या इंजिनिअरिंगच्या निमित्तानं पुण्यात आले. काश्मीरमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रानं त्या काळात व्यावसायिक महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या होत्या. पुण्या-मुंबईत आज जी पंडित कुटुंबं दिसतात, त्यांतली बरीच या वाटेनं आली. समोरचं घर मुसलमानांचं, अनंतनागकडचं. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, बायको तरुण, मांडीवर तान्ही मुलगी.

या दोन घरांतलं बोलणं हिंदीत चालायचं. दोघींची मातृभाषा एकच, तरी हिंदीत. नव्वद सालचा विषय निघू नये म्हणून दोन्ही बाजूंनी घेतलेली ती काळजी होती. काश्मिरीत बोलायला लागलं की गाव निघतं, गावातून गल्ली निघते, आणि गल्लीतून पुढे कुठे जायचं ते कुणालाच नको असतं.

एका दुपारी वाऱ्यासाठी दोन्ही दारं उघडी होती. मुलगी झोपत नव्हती आणि तिची आई एक गाणं गुणगुणत होती. समोरच्या घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पुढची ओळ त्यांनीच म्हटली.

‘‘हे तुला कुणी शिकवलं?’’ त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच काश्मिरीत.

‘‘नानीनं. का, आंटी?’’

‘‘हे तर आमचं आहे.’’

‘‘आमचंही आहे की!’’

गाणं होतं ‘हुकुस बुकुस’. काश्मीरमध्ये वाढलेल्या जवळपास प्रत्येकाच्या कानावरून ते गेलेलं असतं. आता यूट्यूबवर त्याच्या कितीतरी आवृत्त्या आहेत आणि २०२३ मध्ये त्या नावाचा हिंदी चित्रपटही येऊन गेला. लहानशा पाच-सहा ओळी, एकाच ठेक्यात हलणाऱ्या. काश्मीरबाहेरच्या माणसाला ते निव्वळ बडबडगीत वाटतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक काश्मिरींनाही. पहिली ओळ सोडली तर पुढच्या शब्दांचा सरळ अर्थ लागत नाही.

म्हणूनच त्या दोघींचं भांडण (गोड होतं, पण भांडणच) अर्थावरून सुरू झालं. आजींच्या मते हे बडबडगीत नव्हेच, लल्लेश्वरीची वाणी आहे. चौदाव्या शतकातली ही शैव संत स्त्री. सासरी तिचा छळ झाला, पुढे ती घर सोडून फिरत राहिली आणि तिनं काश्मिरीत ‘वाख’ म्हटले. वाख म्हणजे साधारण चार ओळींची, ठोस, कधी कधी कोड्यासारखी रचना. आजींनी ऐकलेला अर्थ असा : मूळ शब्द मोहाबद्दल, श्वासाच्या येण्याजाण्याबद्दल आणि भुवयांमधल्या जागी टेकवलेल्या ध्यानाबद्दल होते. पोरांच्या तोंडी ते झिजले आणि त्यांचा हा भात-भांड्यांचा गोंधळ झाला. पंडितांच्या घरांत हा उलगडा आवडीनं सांगितला जातो.

तरुणीचा अनुभव वेगळा. तिच्या घरी हे गाणं आधी खेळातलं होतं, मग पाळण्यातलं झालं. मुलं गोल करून बसतात, हात पुढे ठेवतात, एक जण प्रत्येक हाताला बोट लावत गाणं म्हणतो आणि शेवटचा शब्द ज्याच्यावर पडेल तो बाहेर. ज्यांचं बालपण ‘आपडी थापडी’त गेलं त्यांना याची वेगळी फोड करून सांगायला नको. तिच्या नानीनं यात लल्लेश्वरीचं नाव कधी काढलं नव्हतं. पण लल्लेश्वरी मात्र त्या घराला परकी नव्हती. मुसलमान घरांत तिला ‘लल्ल आरिफा’ म्हणतात आणि दोन्हीकडे ‘लल्ल द्यद’, म्हणजे लल्ला आजी.

आजींना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. या शैव योगिनीचे लेखी उल्लेख आधी सापडतात ते मुसलमान लेखकांच्या फारसी ग्रंथांत, सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या संतचरित्रांमध्ये. तिचे वाख शतकानुशतकं लोकांच्या तोंडीच राहिले. जॉर्ज ग्रिअर्सन आणि लायोनेल बार्नेट यांनी १९२० साली त्यांचा संग्रह छापला, तोही गावातल्या एका पाठ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडून ऐकून उतरवून घेतलेला. मुंबईचे कवी रणजित होस्कोटे यांनी २०११ साली वाखांचा इंग्रजी अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांचं म्हणणं असं आहे की, आज लल्लेश्वरीच्या नावावर असलेलं सगळं एकाच बाईनं रचलेलं नाही. पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या धर्मांच्या, स्तरांच्या लोकांनी तिच्या नावात आपली भर घातली. नामदेवाच्या, कबीराच्या नावावर काय काय जमा झालं हे आठवलं तर यात नवल वाटू नये.

तेव्हा ‘हुकुस बुकुस’ लल्लेश्वरीचंच, हे सिद्ध करायला हातात काही नाही. मला तर हा उलगडा थोडा उलट्या दिशेनं केलेला वाटतो. शब्द निरर्थक झाल्यावर त्यांच्या जवळपास ऐकू येणारे तत्त्वज्ञानाचे शब्द शोधायचे आणि ‘हेच मूळ’ म्हणायचं. अशा कामात एक धोका असतो. थोडी चिकाटी असेल तर कोणत्याही बडबडगीतातून वेदान्त काढता येतो. मूळ शब्द झिजले असतील, तर झिजण्याचे मधले टप्पे कुठेतरी दिसायला हवेत. एखाद्या खोऱ्यात अर्धं झिजलेलं, एखाद्या जुन्या वहीत थोडं जास्त शाबूत. उलगडा सांगणारे मात्र थेट दोन टोकंच सांगतात. शिवाय चालही वाखाची नाही. वाख थांबत थांबत म्हटला जातो, हे गाणं बोट उचलून पुढच्या हातावर ठेवायच्या ठेक्यानं पळतं.

पण आजींना निरुत्तर करावं असंही नाही, कारण पहिली ओळ झिजलेली नाहीच. ‘हु’ म्हणजे समोर, जरा लांब दिसणारा तो. ‘बु’ म्हणजे मी. ‘कुस’ म्हणजे कोण. ओळीच्या शेवटी ‘तू’ येतो. म्हणजे तो, मी आणि तू अशा तिघांची ओळख विचारणारा तो साधा, चालता-बोलता काश्मिरी प्रश्न आहे. तो कळायला ना पंडित लागतो ना मौलवी.

आता हाच प्रश्न दोन ठिकाणी ठेवून बघा. गोल करून बसलेल्या पोरांत तो शब्दशः बोट दाखवण्याचा आहे : तो, मी, तू, आता राज्य कुणावर? आणि काश्मिरी शैव परंपरेत हीच तीन सर्वनामं फार मोठ्या कामाला लावली आहेत. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या अभिनवगुप्तानं ‘परात्रीशिका’वरच्या आपल्या विवरणात व्याकरणातल्या तीन पुरुषांवरूनच जगाची रचना समजावली आहे. ‘तो’ म्हणजे नर, समोरची जड-चेतन सृष्टी. ‘तू’ म्हणजे शक्ती. ‘मी’ म्हणजे शिव. मग तो पुढे सांगतो की हे तिन्ही एकमेकांत शिरू शकतात. डोंगराला आपण ‘अरे डोंगरा’ म्हणून हाक मारली की ‘तो’ होता त्याचा ‘तू’ झाला.

खेळणाऱ्या पोरांनी अभिनवगुप्त वाचला होता असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या खोऱ्यात हा विचार सहाशे-आठशे वर्षं कथा-कीर्तनासारखा हवेत होता, तिथे तीन सर्वनामांनी सुरू होणारं खेळगाणं आजीनं ऐकलं की तिला लल्ला आठवणारच. आणि शेजारच्या मुसलमान घरातल्या आजीला खेळ आठवणार. दोघीही ओळीत नसलेलं काही घुसवत नाहीत.

मला विचाराल तर हे गाणं दोन्ही घरांत टिकलं ते याच कारणानं. त्यात देवाचं नाव नाही, नबीचं नाव नाही, सणाचा किंवा तीर्थाचा उल्लेख कानाला लगेच लागत नाही. काश्मिरीत रोजच्या पाण्यालाही धर्मानुसार दोन शब्द आहेत : पंडितांकडे ‘पोन्य’, मुसलमानांकडे ‘आब’. अशा भाषेत, ज्या गाण्याचे शब्दच नीट कळत नाहीत त्यातलं काय बदलायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. अर्थ लख्ख असता तर एका घरानं तो जपला असता आणि दुसऱ्यानं सोडला असता. शिवाय अंगाई बाईच्या तोंडून जाते आणि जुन्या काश्मीरमध्ये या बाया एकमेकींच्या घरांत होत्या. पंडितांच्या कितीतरी बाळांना मुसलमान दूध-आयांनी पाजलेलं आहे. खुद्द लल्लेश्वरीबद्दलची दोन्हीकडची लाडकी आख्यायिका दुधाचीच. शेख नूरुद्दीन, ज्यांना काश्मिरी प्रेमानं नुंद ऋषी म्हणतात, तान्हे असताना आईचं दूध घेईनात. तेव्हा लल्लानं त्यांना छातीशी घेतलं आणि सुनावलं की जन्माला यायला लाजला नाहीस, मग प्यायला कसला लाजतोस. नूरुद्दीन पुढे काश्मीरमधल्या ऋषी परंपरेचे प्रवर्तक झाले. त्यांची कबर चरार-ए-शरीफला आहे.

नव्वदनंतर ही ये-जा तुटली. खोऱ्यात राहिलेल्या मुसलमान मुलांना पंडितांचं घर माहीत नाही आणि जम्मू, दिल्ली, पुण्यात वाढलेल्या पंडित मुलांना मुसलमान शेजार माहीत नाही. त्यामुळे ‘हे आमचं’ म्हणणारी पिढी दोन्हीकडे तयार झाली, आणि ती खोटं बोलत नव्हती; दुसऱ्याकडेही ते आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पंडितांकडे गाणं हरवलेल्या घराची खूण झालं, म्हणून त्याला लल्लेश्वरीचं वजन हवंसं वाटू लागलं, असंही मला वाटतं.

त्या दुपारनंतर दोघींनी गाणं लिहून काढायचं ठरवलं, कारण तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत त्यांचे शब्द जुळत नव्हते. तिथे नवी अडचण आली. आजी काश्मिरी देवनागरीत लिहितात, पंडितांत तीच पद्धत आहे. तरुणी शाळेत फारसी धाटणीच्या लिपीत शिकली; सरकारमान्य लिपी तीच. एकीचा कागद दुसरीला वाचता येईना. शेवटी तरुणीनं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि ‘तू’ या शब्दावर बोट ठेवलं. त्याचा उच्चार आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा आहे, ‘चहा’तल्या च सारखा नव्हे, आणि इंग्रजी अक्षरांत तो नेमका चहातला झाला होता. पुण्यात तीस वर्षं राहिल्यामुळे आजींना हा फरक मराठीतून समजावता आला. समोरचीला मराठी येत नसल्यामुळे तो तिला कळला नाही. मग आजींनी फोन हातात घेतला, माइकची खूण दाबली आणि सगळं गाणं त्यांच्या शब्दांत म्हणून पाठवलं. उत्तरादाखल तरुणीनं तिच्या शब्दांत म्हणून पाठवलं.